प्रत कोणाला पाठवावी?

आम्ही पेशाने कारकून. बी. कॉम. झालो, नोकरीला लागलो, आणि गेली वीस-बावीस वर्षे सकाळची लोकल, संध्याकाळची लोकल आणि मधले आठ तास आवक-जावक नोंदवही असा आमचा संसार चालला आहे. राहतो अंबरनाथ पूर्वेला, कानसई भागात. रविवारी सकाळी वस्तीतल्या अभ्यासिकेत टेबल मांडून बसतो आणि कोणाला अर्ज लिहून पाहिजे असेल तर लिहून देतो. रेशनकार्ड, जातीचा दाखला, शिष्यवृत्ती, वीजबिल, जे येईल ते. पूर्वी हे अर्ज कागदावर लिहीत होतो, आता बहुतेक ई-मेलने जातात. अर्ज लिहिण्यात आपला हात कोणी धरणार नाही, असा आमचा थोडा गर्व होता. तो कसा उतरला ते आज सांगणार आहोत, कारण त्या चुकीची किंमत आम्ही नाही, दुसऱ्यांनी मोजली.

गोष्ट २०२३ सालच्या पावसाळ्यातली आहे. आनंदनगर एम.आय.डी.सी.त एका कारखान्यात ठेकेदाराकडे पॅकिंगचे काम करणारे चौदा जण आमच्याकडे आले. त्यांत नऊ भगिनी होत्या. दर महिन्याला पगारातून भविष्य निर्वाह निधीची कपात होत होती, पगाराच्या चिठ्ठीवर ती छापलेली होती, पण मोबाईलवर पासबुक उघडले की पाच महिन्यांची रक्कम जमाच दिसत नव्हती. पैसे कापले, पण भरले नाहीत, असा सरळ मामला होता. ठेकेदाराला विचारले की तो म्हणे, "सिस्टीम बंद आहे, दिसेल पुढच्या महिन्यात."

आम्ही त्याच दिवशी मेल लिहिला. मजकूर चांगला होता, आजही वाचला तर त्यात एक शब्द बदलावासा वाटत नाही. चूक मजकुरात नव्हतीच. चूक वरच्या तीन ओळींत होती, जिथे मेल कोणाकोणाला जाणार ते लिहितात.

मेल उघडला की वर To, Cc आणि Bcc अशा ओळी असतात. मोबाईलवर फक्त To दिसते, तिच्या टोकाचा छोटा बाण दाबला की बाकीच्या दोन उघडतात. आम्ही काय केले? To मध्ये पाच पत्ते घातले: निधी कार्यालय, कामगार खात्याचे कार्यालय, मोठ्या साहेबांचे कार्यालय, आणि दोन लोकप्रतिनिधी. जितकी जास्त नावे तितका दबाव जास्त, असा आमचा हिशेब. Cc मध्ये कंपनीचा पत्ता आणि ठेकेदाराचा पत्ता घातला, म्हणजे त्यांनाही कळावे की आता प्रकरण वर गेले आहे. आणि त्याच Cc मध्ये चौदाही कामगारांचे पत्ते घातले. आपल्या नावाने काय लिहिले गेले हे ज्याचे त्याला दिसले पाहिजे, चोरून काही नको, ही आमची भावना. भावना चांगली होती, पण मार्ग साफ चुकीचा होता.

पुढे काय घडले ते क्रमाने सांगतो. पहिले पाच दिवस पाचही कार्यालयांतून काही उत्तर आले नाही. सहाव्या दिवशी ठेकेदाराचे उत्तर आले. त्याने Reply all दाबले होते, म्हणून ते सर्वांना गेले. भाषा अगदी गोड होती: "काही तांत्रिक अडचण आहे, कामगारांनी थेट आमच्याशी बोलावे." ते वाचून एका तरुणाचे डोके फिरले. त्यानेही Reply all दाबले आणि ठेकेदाराला चार शिव्या लिहिल्या. त्या शिव्या निधी कार्यालयात गेल्या, कंपनीत गेल्या, लोकप्रतिनिधींकडेही गेल्या. अर्ध्या तासाने दुसरा एक कामगार घाबरला आणि त्याने सर्वांना लिहिले की, "माझा या तक्रारीशी संबंध नाही, माझे नाव मला न विचारता टाकले." हे खरे नव्हते, तो आमच्यासमोर बसलेला होता. पण त्या एका ओळीने बाकी तेरा जणांचा अर्ज लंगडा झाला.

सोमवारी तीन भगिनींना गेटवरूनच परत पाठवले. "काम कमी आहे, बोलावू तेव्हा या." त्यातली एक भगिनी संध्याकाळी आमच्या घरी आली. उंबऱ्यातच उभी राहिली आणि म्हणाली, "दादा, मी तर काहीच लिहिलं नाही. उत्तर दिलं नाही, शिवी दिली नाही. मग मलाच कसं काढलं?"

आमच्याकडे उत्तर होते, पण तोंडातून निघेना. तिने काही लिहिले नव्हते, पण आम्ही तिचा पत्ता Cc मध्ये लिहिला होता. बहुतेक मेलच्या पत्त्यात माणसाचे नाव आणि आडनाव असते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात आम्ही तक्रारदारांची यादी नावानिशी दिली होती. आणि आपल्या समाजाची आडनावे कारखान्याच्या गेटवर कशी वाचली जातात, ते आमच्या वाचकांना आम्ही सांगायला नको.

त्या रात्री आम्हाला आमचे सुरुवातीचे दिवस आठवले. आम्ही नोकरीला लागलो तेव्हा टाइपरायटर शेवटच्या घटका मोजत होता. दोन कागदांमध्ये निळा-काळा कार्बन ठेवून टाइप केले की खाली दुसरी प्रत निघायची. मेलमधले Cc म्हणजे तीच कार्बन प्रत, नाव तिथूनच आले आहे. आमच्या पत्रात वर "प्रति" असायचे आणि खाली "प्रत" असायची. प्रति म्हणजे ज्याने काम करायचे तो. प्रत म्हणजे ज्याला माहिती असावी तो. सरकारी पत्रात प्रतीपुढेही स्पष्ट लिहितात: "माहितीसाठी", किंवा "माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी". हे शब्द शोभेला नसतात. कोणी हलायचे आणि कोणी नुसते वाचून फाईलला लावायचे, ते त्यातून ठरते. आणि तिसरा प्रकारही होता. मूळ पत्र मशीनमधून काढून घ्यायचे आणि फक्त मागे उरलेल्या प्रतीवर टाइप करायचे की ही प्रत अमक्याला दिली. मूळ पत्र ज्याला गेले त्याला त्याचा पत्ता लागायचा नाही. ते म्हणजे Bcc. हे सगळे आम्हाला हाताने येत होते. पण पडद्यावर तीन ओळी समोर आल्या आणि आम्ही ते विसरलो, कारण कार्बनच्या काळात प्रत वाढवायला कष्ट पडत होते. चौथी प्रत धूसर निघायची, पाचवी वाचता यायची नाही. म्हणून माणूस विचार करायचा की ही प्रत खरोखर कोणाला पाहिजे. मेलला पंचविसावी प्रतही पहिल्यासारखीच स्वच्छ निघते.

पहिली चूक To ची. पाच जणांना "प्रति" लिहिले म्हणजे कोणालाच लिहिले नाही. प्रत्येक टेबलावरच्या कारकुनाने वरची पाच नावे वाचली असणार आणि म्हटले असणार की हे काम दुसऱ्याचे आहे. आम्ही स्वतः कारकून आहोत, असे मेल आमच्या टेबलावरही येतात, आणि आम्हीही तेच करतो. म्हणून To मध्ये एकच पत्ता असावा: ज्याच्या अधिकारात ते काम आहे, आणि ज्याच्याकडे पंधरा दिवसांनी जाऊन "आमच्या अर्जाचे काय झाले" असे विचारता येईल, तो. दोन कार्यालयांकडे दोन वेगळी कामे असतील तर दोन वेगळे मेल लिहावेत.

दुसरी चूक Cc ची, आणि ती मोठी. Cc मधला प्रत्येक जण बाकी सर्वांना दिसतो. एवढेच नव्हे, त्यातल्या कोणीही एक बटण दाबले की त्याचे म्हणणे सर्वांपर्यंत पोहोचते. म्हणजे Cc मध्ये नाव घालणे ही नुसती माहिती देणे नसते. त्या माणसाला आपण एका सभेत बसवतो, आणि त्या सभेत कोण कोण बसले आहे ते सर्वांना दाखवतो. ठेकेदाराला आणि त्याच्याकडे पोट भरणाऱ्या भगिनीला एकाच सभेत समोरासमोर बसवण्याचा आम्हाला काय अधिकार होता? नाव घालण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवे होते. हा माणूस बाकीच्यांना दिसला तर त्याचे काही बिघडेल का? आणि हा माणूस सर्वांना उत्तर देऊ लागला तर चालेल का? एकाही प्रश्नाचे उत्तर अडचणीचे असेल तर तो पत्ता Cc मध्ये बसत नाही.

ही चूक आमच्यासारख्या वस्तीतल्या कारकुनाचीच होते असे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबानने काबूल घेतले. ब्रिटिश फौजेबरोबर काम केलेली बरीच अफगाण माणसे मागे राहिली आणि लपून बसली. सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयातून अशा २४५ जणांना एक मेल गेला. पत्ते Bcc मध्ये घालायचे होते, ते To मध्ये घातले गेले. प्रत्येकाला बाकी सर्वांचे पत्ते दिसले, काहींचे तर फोटोही. दोघांनी Reply all दाबून उत्तर दिले, आणि त्यातल्या एकाने आपण कुठे आहोत ते लिहिले. ती यादी शत्रूच्या हाती लागती तर काय झाले असते ते वेगळे सांगायला नको. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी मंत्रालयाला साडेतीन लाख पौंडांचा दंड केला. या मेलमध्ये गुप्त मजकूर नव्हताच. पत्त्यांची यादी हेच गुपित होते. आमच्या चौदा जणांचेही तसेच होते.

आता कोणी म्हणेल की मग कामगारांना Bcc मध्ये घालायचे होते. आम्हालाही आधी तसेच वाटले. पण शांतपणे विचार केल्यावर कळले की त्यातही खड्डा आहे. Bcc मध्ये असलेला माणूस इतरांना दिसत नाही हे खरे, पण त्याला स्वतःला To आणि Cc मधले सर्व दिसतात. त्याने चुकून Reply all दाबले तर त्याचे उत्तर सर्वांना जाते, आणि तो त्या मेलमध्ये लपलेला होता हे त्याच क्षणी उघड होते. पडद्यामागे उभा राहिलेला माणूस शिंकला तर पडदा काय कामाचा? शिवाय उलट बाजूने, बाकीच्यांनी एकमेकांना दिलेली उत्तरे Bcc वाल्याला येत नाहीत. त्याला पहिला मेल मिळतो आणि पुढे काय झाले ते कळत नाही.

म्हणून आम्ही असा नियम केला. ज्या मेलमध्ये साहेब किंवा विरुद्ध पक्ष आहे, त्यात आपल्या माणसाला Bcc मध्येही ठेवायचे नाही. आधी मेल पाठवायचा, मग पाठवलेल्या मेलमध्ये जाऊन तो वेगळा फॉरवर्ड करायचा. फॉरवर्ड करताना To मध्ये आपला स्वतःचाच पत्ता, Cc रिकामे, आणि चौदा जण Bcc मध्ये. आता त्यांच्यापैकी कोणी Reply दाबो की Reply all दाबो, त्यांच्या शिव्या, भीती, शंका सगळे आमच्याकडेच येणार. Bcc चे खरे आणि निर्धोक काम एवढेच आहे: जिथे एक जण अनेकांना कळवतो आणि त्या अनेकांनी एकमेकांचे पत्ते पाहण्याचे कारण नसते. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख पालकांना कळवायची असेल तर असेच पाठवावे. कोणाच्या मुलाला शिष्यवृत्ती आहे ते दुसऱ्याला कळायचे काय कारण?

आता Reply all विषयी. हे बटण वाईट नाही. सभेची जागा बदलली, आधी कळवलेली तारीख चुकली, किंवा ज्या प्रश्नाच्या उत्तराची यादीतले सर्व जण वाट पाहत आहेत त्याचे उत्तर मिळाले, तर ते सर्वांनाच गेले पाहिजे. तिथे एकालाच उत्तर देणे चूक आहे, बाकीचे जुन्या जागी जाऊन उभे राहतील. पण "धन्यवाद", "मिळाले", "अभिनंदन" हे पाठवणाऱ्यालाच सांगावे. रागाचे उत्तर सर्वांना कधीच देऊ नये, कारण बोललेला राग विरतो आणि लिहिलेला राग फाईलला लागतो. ज्याच्याशी मतभेद आहे त्याला फोन करावा. आपला फोन नंबर, आधार क्रमांक, आजारपण, घरची अडचण लिहायची असेल तर ती सर्वांना जाता कामा नये. आणि मेल आल्यावर To मध्ये किंवा Cc मध्ये आपला पत्ता दिसत नसेल, तर आपल्याला बहुधा Bcc ने पाठवले आहे असे समजावे आणि Reply all ला हात लावू नये. आणखी एक गोष्ट: उत्तरामागून उत्तर जात असताना मध्येच कोणी तरी नवीन पत्ता जोडतो. पहिल्या दिवशी तीन माणसे होती म्हणून चौथ्या दिवशी तीनच असतील असे धरू नये. बटण दाबण्याआधी वरची ओळ उघडून एकेक नाव वाचावे.

आम्ही आमच्या जीमेलमध्ये दोन गोष्टी करून घेतल्या. सेटिंगमध्ये Undo Send म्हणून आहे, तिथे ३० सेकंद निवडले. पाठवल्यावर अर्धा मिनिट मेल परत ओढता येतो, त्यानंतर नाही. आणि पत्ते सर्वांत शेवटी लिहायचे. आधी मजकूर, मग जोडपत्रे, मग पुन्हा वाचन, आणि शेवटी To. पत्ताच नसेल तर चुकून बोट लागले तरी मेल जात नाही.

दुसऱ्या वेळचा मेल कसा गेला ते सांगतो. To मध्ये फक्त निधी कार्यालय. Cc रिकामे. चौदाऐवजी तेरा नावे, यूएएन क्रमांक आणि पासबुकाची पाने एका जोडपत्रात, आणि मजकुरात विनंती की तक्रारदारांची नावे ठेकेदाराला कळवू नयेत. अशी विनंती पाळली जाईलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही, चौकशीत नावे पुढे येऊ शकतात, हे आम्ही या वेळी सर्वांना आधी सांगितले आणि प्रत्येकाला विचारले, "नाव घालू का?" तिघींना कामावरून परत पाठवले होते, त्याबद्दल कामगार खात्याला वेगळा मेल, तोही एकट्या त्याच कार्यालयाला. कंपनीला तिसरा मेल. ठेकेदाराने निधी भरला नाही तर जबाबदारी मूळ कंपनीवरही येते, एवढेच त्यात लिहिले, एकाही कामगाराचे नाव न घालता. मग तिन्ही मेल कामगारांना फॉरवर्ड केले, वर सांगितले त्या पद्धतीने. त्या शिव्या देणाऱ्या तरुणाने पुन्हा Reply all दाबले. या वेळी शिव्या फक्त आम्हाला मिळाल्या. आम्ही त्याला चहाला बोलावले.

अडीच महिन्यांनी पाचांपैकी तीन महिन्यांची रक्कम पासबुकात दिसू लागली आणि नंतर उरलेली दोन महिन्यांचीही आली. परत पाठवलेल्या तिघींपैकी दोघी महिन्याभरात कामावर लागल्या. तिसरी, जी आमच्या उंबऱ्यात उभी राहिली होती, तिला ठेकेदाराने पुन्हा घेतले नाही. ती आता बदलापूरला एका शाळेत साफसफाईचे काम करते, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. तिचे निधीचे पैसे मिळाले, पण नोकरी आमच्या Cc ने गेली.

मागच्या रविवारी ती आपल्या मुलीला घेऊन अभ्यासिकेत आली होती. मुलीला वसतिगृहाच्या प्रवेशाचा अर्ज मेलने पाठवायचा होता. मजकूर मुलीनेच लिहिला होता, चांगला लिहिला होता. आम्ही पत्ता घालायला गेलो तेव्हा तिची आई खुर्ची पुढे ओढून बसली आणि म्हणाली, "दादा, वर कोणाकोणाची नावं घालता, ती आधी वाचून दाखवा."

आम्ही वाचून दाखवले. एकच नाव होते.